बंद सर्व्हरचं भाडं

सांगलीच्या एका ताईंचा हळद आणि मसाल्यांचा व्यवसाय आहे. त्यांच्या ऑनलाइन दुकानाचं तांत्रिक काम मी फ्रीलान्स डेव्हलपर म्हणून पाहतो. दुकान वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर चालतं. ते पीएचपीच्या ७.४ या जुन्या आवृत्तीवर अडकलं होतं आणि त्या आवृत्तीला नोव्हेंबर २०२२ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं आहे. दुकान ८.३ वर न्यायचं ठरलं. अंदाजपत्रकात मी एक ओळ घातली : ‘स्टेजिंग सर्व्हर, मासिक भाडं वेगळं.’ स्टेजिंग म्हणजे दुकानाची तालमीची प्रत. बदल आधी तिथे करून पाहायचे, ऑर्डर देऊन पाहायची, बिल छापून पाहायचं, आणि सगळं नीट चाललं की मगच ते खऱ्या दुकानात न्यायचं.

ताईंनी लगेच विचारलं, “हे यंत्र नेमकं आहे कुठे? आमच्या दुकानात जुना कॉम्प्युटर पडून आहे, तो का नको? आणि रात्री कुणी काम करत नाही, तेव्हा ते बंद ठेवलं तर भाडं निम्मं होईल ना?” पैसे देणाऱ्याने विचारायलाच हवेत असे हे प्रश्न आहेत. बहुतेक छोट्या व्यावसायिकांना त्यांची सरळ उत्तरं कुणी देत नाही, म्हणून मी ताईंना सविस्तर ई-मेल लिहिला. त्याची सुरुवात अशी होती :

“नमस्कार ताई, तुमच्या नावावर वेगळं यंत्र कुठेच ठेवलेलं नाही. बेंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये एक मोठं यंत्र आहे आणि त्यावर अनेक जणांचे सर्व्हर एकाच वेळी चालतात. आपला स्टेजिंग सर्व्हर त्यातला एक. आमच्या कामात त्या मोठ्या यंत्राला होस्ट म्हणतात आणि आपल्यासारख्याला गेस्ट. आपण तिथे पाहुणे आहोत, फक्त राहण्याचे पैसे देणारे.”

पाहुणा म्हणजे काय, हे थोडं उलगडायला हवं. होस्ट हा खराखुरा लोखंडी सर्व्हर असतो. त्याच्याकडे अनेक प्रोसेसर, शेकडो जीबी मेमरी आणि मोठ्या डिस्क असतात. त्यावर हायपरवायझर नावाचा प्रोग्रॅम या सगळ्याचे वाटे पाडतो आणि प्रत्येक वाट्याला स्वतंत्र कॉम्प्युटर असल्याचा पूर्ण अनुभव देतो. आपल्या वाट्यात आपली स्वतःची लिनक्स असते, आपलं अ‍ॅडमिन खातं असतं, आपली डिस्क असते. शेजारच्या वाट्यात काय चाललं आहे ते आपल्याला दिसत नाही आणि आपलं त्याला दिसत नाही. आत बसलेल्या लिनक्सला विचारलं तर मात्र ती प्रामाणिकपणे सांगते :

```
$ systemd-detect-virt
kvm
```

खऱ्या यंत्रावर याच आज्ञेचं उत्तर `none` येतं. केव्हीएम हा लिनक्समध्येच बसवलेला हायपरवायझर आहे. तो २००७ साली लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत आला. कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केलं तेव्हा एका मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला आपापलं यंत्र मिळण्याची सोय होती. साध्या पीसीच्या जातीच्या प्रोसेसरांवर हे करणं बराच काळ अवघड होतं. इंटेल आणि एएमडी यांनी २००५-०६ च्या सुमारास त्यासाठीच्या सूचना प्रोसेसरमध्येच घातल्या आणि त्यानंतर महिन्याच्या भाड्याने सर्व्हर देण्याचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला.

ताईंचं खरं दुकानसुद्धा असाच एक गेस्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने स्टेजिंगही गेस्टच असायला हवा याचं सर्वांत मोठं कारण तेच. तालीम आणि प्रयोग एकाच प्रकारच्या रंगमंचावर झाले तर तालमीला अर्थ आहे. खऱ्या गेस्टची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, घेतली की त्यातून दुसरा गेस्ट काही मिनिटांत उभा राहतो. तीच लिनक्स, त्याच आवृत्त्या, तीच सेटिंग्ज. दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर हे सगळं हाताने बसवावं लागेल आणि कुठे ना कुठे फरक राहील. एखादं पीएचपीचं जोडपॅकेज इथे असेल, तिथे नसेल. मग तालमीत चाललेली गोष्ट प्रत्यक्षात का मोडली, हे शोधण्यात माझे तास जातील आणि त्यांचं बिल ताईंनाच येईल.

जुन्या कॉम्प्युटरचा हिशेबही मी त्यांना करून दिला. सरासरी ६० वॉटचं यंत्र दिवसरात्र चालू ठेवलं तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज लागते. युनिटमागे १० रुपये धरले तरी ४३० रुपये झाले. वीज गेली की तालीम थांबणार, नाहीतर बॅटरीचा खर्च वाढणार. शिवाय घरगुती किंवा छोट्या दुकानाच्या ब्रॉडबँडला अनेकदा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, कारण कंपनी एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते. अशा जोडणीवर ठेवलेली साइट मला पुण्याहून किंवा ताईंच्या कोल्हापूरच्या वितरकाला मोबाइलवर उघडता येण्यासाठी वेगळी खटपट करावी लागते. फुकट वाटणारं ते यंत्र एवढं फुकट नाही.

“मग खऱ्या सर्व्हरवरच एका कोपऱ्यात प्रत ठेवा,” असंही ताईंनी सुचवलं. तांत्रिकदृष्ट्या हे शक्य आहे आणि स्वस्त होस्टिंगवर अनेक जण तेच करतात. पण या कामात पीएचपी आणि डेटाबेस दोन्ही बदलायचे होते. एकाच लिनक्समध्ये दोन पीएचपी नांदवता येतात. अवघड होतं ते मेमरी आणि डिस्क यांचं. तालमीच्या प्रतीत मी हजारो उत्पादनांची फाइल आत ओढायला लावली की डेटाबेस मेमरी खात जातो. मेमरी संपली की लिनक्स सर्वांत जास्त खाणाऱ्या प्रोग्रॅमला मारून टाकते, आणि बहुतेकदा तो डेटाबेसच असतो. तो खऱ्या दुकानाचाही डेटाबेस असेल तर त्या क्षणी ग्राहकाच्या पडद्यावर ‘डेटाबेसशी संपर्क होत नाही’ असा संदेश येतो. वेगळ्या गेस्टमध्ये असं घडलं तर तालीम पडते, दुकान चालू राहतं. वेगळ्या गेस्टसाठी आपण पैसे देतो ते मुख्यतः या कुंपणाचे.

आता पैसे. ताईंचं खरं दुकान ४ जीबी मेमरी आणि २ प्रोसेसर-वाट्यांच्या गेस्टवर आहे. तालमीला एकाच वेळी दोन-तीन माणसं येणार, म्हणून २ जीबी मेमरी, १ प्रोसेसर-वाटा आणि ५० जीबी डिस्क पुरेशी होती. डिजिटल ओशनच्या बेंगळुरू केंद्रात माझ्या ई-मेलच्या वेळी अशा गेस्टचा दर महिन्याला १२ डॉलर होता. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर १,०२० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे १८४. म्हणजे महिन्याला १,२०४ आणि वर्षाला साडेचौदा हजारांच्या घरात. आठवड्याचा बॅकअप लावला तर भाड्याच्या २० टक्के आणखी. तालमीला तो मी लावला नाही, कारण तिथे जपण्यासारखं काही नसावं असाच माझा नियम आहे. मोडली तर खऱ्या दुकानावरून नवी प्रत काढायची.

यात माझी मजुरी धरलेली नाही, आणि ती लपवायची गोष्ट नाही. गेस्टला आपली स्वतःची लिनक्स असते, त्यामुळे तिच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही आपल्यालाच बसवाव्या लागतात. होस्टची काळजी कंपनी घेते, गेस्टच्या आतली नाही. तालमीचा सर्व्हर इंटरनेटवर असतो, म्हणजे खऱ्याइतकाच चोरांच्या नजरेत असतो, आणि दुर्लक्षित असल्यामुळे त्यांना जास्त सोपा. त्यासाठी मी महिन्याला दोन तास धरले. माझ्या ताशी ८०० रुपयांच्या दराने ते १,६०० रुपये होतात. म्हणजे पाहुण्याच्या राहण्यापेक्षा त्याची देखभाल महाग आहे. अंदाजपत्रकात फक्त भाडं दाखवणारा डेव्हलपर ग्राहकाला अर्धंच चित्र दाखवतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सर्वांत खटकलं. रात्री बंद ठेवला तर भाडं कमी होईल का? या कंपनीकडे नाही, एक पैसाही नाही. गेस्ट बंद केला तरी होस्टवरची त्याची जागा राखून ठेवलेली असते. प्रोसेसरचा वाटा, मेमरी, डिस्क, पत्ता, सगळं तसंच. सकाळी बटण दाबलं की तो तिथेच पुन्हा उठतो. त्या राखीव जागेचं भाडं चालू राहतं.

सगळीकडे असंच नाही. अ‍ॅमेझॉनच्या सेवेत गेस्ट थांबवला की प्रोसेसर आणि मेमरीचं भाडं थांबतं, फक्त डिस्कचं चालू राहतं. जोडून ठेवलेला कायमचा सार्वजनिक पत्ता असेल तर त्याचंही. १ फेब्रुवारी २०२४ पासून अ‍ॅमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला ताशी अर्धा सेंट आकारते. महिन्याला हे साडेतीन डॉलरच्या वर जातं, म्हणजे निव्वळ पत्त्याचे तीनशे रुपये. भाडं थांबण्याची किंमतही तिथे आहे. गेस्ट थांबला की होस्टवरची जागा सुटते, सकाळी तो वेगळ्याच होस्टवर उठू शकतो, आणि त्या वेळी त्या आकाराची जागा शिल्लक नसेल तर उठतच नाही, जागा नसल्याची सूचना येते. हे क्वचित घडतं. पण दोन कंपन्यांच्या दरात फरक का आहे ते यातून कळतं. एक जागा धरून ठेवते आणि तिचे पैसे घेते, दुसरी जागा सोडते आणि परत मिळण्याची हमी देत नाही.

डिजिटल ओशनवर खर्च वाचवायचा तर गेस्ट काढूनच टाकावा लागतो. काढण्याआधी त्याचा स्नॅपशॉट घ्यायचा. ताईंच्या तालमीचा स्नॅपशॉट सुमारे ८ जीबीचा होता. महिन्याला जीबीमागे ६ सेंट या दराने ४८ सेंट, म्हणजे ४१ रुपये. महिन्यातून सलग १० दिवस तालीम लागणार असेल तर त्या १० दिवसांचे २४० तास होतात. ताशी दर १.७९ सेंटच्या आसपास, म्हणजे सुमारे ४.२९ डॉलर, ३६४ रुपये. स्नॅपशॉट धरून ४०५, जीएसटीसह ४७८. १,२०४ ऐवजी ४७८. हा फरक मी ताईंना ई-मेलमध्ये ठळक करून दाखवला आणि त्यातली अडचणही सांगितली. पुन्हा उभा केलेला गेस्ट नव्या पत्त्यावर येतो, त्यामुळे दर वेळी स्टेजिंगचं नाव नव्या पत्त्याकडे वळवावं लागतं. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण विसरलं तर वितरक जुनाच पत्ता उघडत बसतो. जुना पत्ता राखून ठेवायचा म्हटलं तर न वापरलेल्या राखीव पत्त्याचे महिन्याला ५ डॉलर पडतात आणि वाचवलेले बरेचसे पैसे तिथेच जातात.

पुढे ताईंनी एक तक्रार केली, ती या सगळ्या व्यवस्थेचा गाभा दाखवणारी होती. “स्टेजिंग कधी झटकन उघडतं, कधी दहा सेकंद घेतं. नवी पीएचपी हळू आहे का?” मी गेस्टवर `top` चालवून पाहिलं. साइट मंद असताना त्यात अशी ओळ दिसली :

```
%Cpu(s): 21.4 us,  6.2 sy,  0.0 ni, 53.1 id,
          0.9 wa,  0.0 hi,  0.2 si, 18.2 st
```

शेवटचा `st` म्हणजे स्टील. आपल्या गेस्टला काम करायचं होतं, पण त्या वेळी होस्टचा प्रोसेसर दुसऱ्या कुणाला दिलेला होता, अशा वाट पाहण्याचं हे प्रमाण. स्वस्त गेस्टमध्ये प्रोसेसरचे वाटे सामायिक असतात. बहुतेक गेस्ट बहुतेक वेळ रिकामे बसलेले असतात म्हणून कंपनीला एकाच प्रोसेसरवर प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटे विकता येतात आणि त्यामुळेच दर इतके खाली येतात. एखाद्या शेजाऱ्याने मोठं काम काढलं की बाकीच्यांना थांबावं लागतं. हा आकडा एक-दोन टक्क्यांवर असेल तर दुर्लक्ष करावं. दहाच्या वर टिकून राहिला तर मंदपणाचा दोष आपल्या कोडला देण्याआधी थांबावं. मेमरीचं तसं नसतं. ती रिकामी बसत नाही, तिच्यात सतत काहीतरी ठेवलेलं असतं, म्हणून तिचे असे जादा वाटे पाडणं धोक्याचं. मेमरी कमी पडली तर दोष सहसा आपल्याच गेस्टच्या आकाराचा असतो, आणि `dmesg` मध्ये `Out of memory: Killed process` अशी स्वच्छ नोंद सापडते.

म्हणून ताईंना मी लिहिलं की स्टेजिंगवर बरोबर-चूक तपासा, वेग तपासू नका. कूपन लागतं का, हळदीचा जीएसटी बरोबर येतो का, मराठी नावाचं बिल नीट छापतं का, हे तिथे कळेल. दिवाळीच्या गर्दीत दुकान टिकेल का, हे अर्ध्या आकाराच्या, सामायिक वाट्यावरच्या पाहुण्याला विचारून कळणार नाही. ती चाचणी घ्यायची तर दोन-चार तासांसाठी खऱ्या दुकानाच्या आकाराचा, स्वतंत्र प्रोसेसरचा गेस्ट घ्यावा आणि लगेच काढून टाकावा. तासाच्या हिशेबाने ते परवडतं.

खर्चाच्या कुठल्याच ओळीत न दिसणारा एक धोका मला पैशांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. स्नॅपशॉटमधून उठलेला गेस्ट आपण प्रत आहोत हे जाणत नाही. त्याला वाटतं, आपणच दुकान. मूळ सर्व्हरवर रात्री नऊ वाजता ‘तुमची ऑर्डर निघाली’ असा संदेश पाठवण्याची सूचना असेल, तर प्रतही नऊ वाजता तोच संदेश त्याच ग्राहकांना पाठवेल. पैसे घेण्याच्या खऱ्या चाव्या त्यात असतील तर तालमीत दिलेल्या ऑर्डरचे पैसे खरंच कापले जातील. म्हणून प्रत उठवताना मी तिला आधी बाहेरच्या जगापासून तोडतो. फायरवॉल लावून बाहेरची वाट बंद, मेल पाठवणं बंद, वेळापत्रकावरची कामं बंद. रेझरपेच्या चाव्या `rzp_live_` ने सुरू होतात की `rzp_test_` ने, हे डोळ्यांनी पाहतो. मग ग्राहकांची नावं, फोन आणि पत्ते बदलून बनावट करतो. सांगलीतल्या एखाद्या गृहिणीने हळद मागवताना दिलेला पत्ता तिने दुकानाला दिला होता, माझ्या प्रयोगांसाठी नाही, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची दिशाही तीच आहे. शेवटी साइटला पासवर्ड लावतो, म्हणजे गुगल तिला शोधात दाखवणार नाही आणि कुणी तिथे चुकून खरी ऑर्डर देणार नाही. या कामाला दीडेक तास जातो. प्रत ‘काही मिनिटांत’ उभी राहते हे खरं असलं, तरी ती वापरण्याजोगी होते या दीड तासानंतर, आणि तोही मी बिलात लिहितो.

ताईंनी हिशेब पाहून स्टेजिंग कायम न ठेवता लागेल तेव्हा उभं करायचं ठरवलं. पीएचपीचं काम झालं, त्यांच्या वितरकाने बिलं तपासली, नवी आवृत्ती खऱ्या दुकानात गेली आणि गेस्ट काढून टाकला. काढताना काय काय काढायचं याची यादीही मी त्यांना पाठवली, कारण कंपनीचं खातं त्यांच्या नावावर आहे आणि कार्डही त्यांचंच. फक्त गेस्ट काढला तर वेगळी जोडलेली डिस्क, जुने स्नॅपशॉट आणि राखीव पत्ता मागे राहतात, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात गुपचूप येत राहतात.

शेवटची ओळ डीएनएसच्या नोंदीची. गेस्ट गेला तरी ‘स्टेजिंग’ हे उपनाव त्याच्या जुन्या पत्त्याकडेच बोट दाखवत असतं. तो पत्ता कंपनी उद्या दुसऱ्या कुणाच्या गेस्टला देते. मग ताईंच्या दुकानाच्या नावाने उघडणाऱ्या पानावर कुणी परका माणूस काहीही ठेवू शकतो, अगदी पैसे भरायचं खोटं पानसुद्धा. नाव ताईंचं असल्यामुळे ग्राहक विश्वासही ठेवतील. म्हणून क्रम असा लिहिला : आधी डीएनएसची नोंद पुसायची, तिच्या मुदतीइतका वेळ थांबायचं, नाव उघडत नाही ना हे मोबाइलच्या नेटवरून पाहायचं, आणि मग गेस्ट काढायचा.